सटवीचा दिवा

डोमाजीनं कासविणीची सगळी पिल्लं समुद्राऐवजी आपल्या खाटेखाली नेऊन पोचवली.

असं काही झालं नाही. कॅम्पवर त्या सकाळी तसं एकमतानं ठरलं. एकमत म्हणजे डोमाजी आणि प्रेमलाल. तिसरा कोणी नव्हताच, त्यामुळे विरोधाला वाव नव्हता.

आता जे झालं नाही, ते कसं झालं ते.

मध्यप्रदेशाला समुद्र नाही ही गोष्ट सरकारला ठाऊक होती, पण तिनं कामात अडथळा आणला नाही. ओरिसाच्या किनाऱ्यावर कासवं राखायचं ट्रेनिंग निघालं आणि बालाघाटातून दोन वनरक्षक मागवले गेले. साहेबानं विचारलं, पोहता कोणाला येतं? डोमाजी लहानपणी वैनगंगेत म्हशीची शेपटी धरून पलीकडे गेलता. तेवढ्यावर त्याचं नाव गेलं. प्रेमलाल रामपायलीचा, त्याला पोहता येत नव्हतं, पण स्वयंपाक येत होता. माणसं समुद्रात जाणार नसून जेवणार आहेत, हे ओळखणारा कोणीतरी कचेरीत होता म्हणायचं.

डोमाजीची बायको पुष्पलता तेव्हा पोटुशी होती. त्यानं सुटी मागितली. उत्तर आलं, ट्रेनिंग संपल्यावर. पोटातल्या लेकराला ट्रेनिंगची तारीख कळवायची सोय नव्हती.

कॅम्प म्हणजे झावळ्यांची एक झोपडी, दोन खाटा, एक टिनाची पेटी आणि एक पेट्रोमॅक्सची बत्ती. मागं सुरूच्या झाडांची काळी रांग, पुढं वाळू, वाळूपुढं समुद्र. किनाऱ्याचे साहेब तरुण होते, कटकचे. पहिल्याच दिवशी त्यांनी हिंदीत समजावलं की कासवीण जिथं वाळू उकरते तिथून तिची पिल्लं रात्री निघतात, आणि निघाल्यावर त्यांना रस्ता कोणी दाखवत नाही. झाडांकडची बाजू अंधारी आणि उंच. समुद्राकडची बाजू मोकळी, आणि पाण्यावर आभाळाचा उजेड पडलेला. जिकडे खाली आणि उजळ, तिकडे पिल्लं चालतात.

"इसलिए किनारे पे बत्ती नहीं," साहेब म्हणाले. "एक भी नहीं."

"हौ साहेब," डोमाजी म्हणाला. त्याला वाटलं, हे चोरांच्या टॉर्चबद्दल आहे.

फेब्रुवारीतल्या एका रात्री एक कासवीण त्याच्या झोपडीसमोरच आली. ती पाण्यातून वर सरकली ती थांबत, सुस्कारत, बाजाराचं ओझं डोक्यावर घेतलेल्या बाईसारखी. भरतीच्या रेषेच्या वर आली, वाळूत अंग रुतवून जागा केली आणि मागच्या पायांनी खड्डा खोदू लागली. एक पाय आत जाई, मूठभर वाळू काढी, बाजूला ठेवी, मग दुसरा. मान वळवून एकदाही पाहिलं नाही. खड्डा घागरीसारखा झाला, तोंड लहान आणि पोट मोठं. मग अंडी पडू लागली, पांढरी, ओली, गोल.

डोमाजी पोटावर पालथा पडून पाहत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"रडून राह्यली बिचारी," तो कुजबुजला.

"रडून नाही," प्रेमलाल म्हणाला. "साहेब सांगून गेले ना. पोटातलं मीठ डोळ्यातून काढते. तू आईच्या हातची भाजी खाल्ल्यावर काढतो तसं."

खड्डा झाकून ती त्यावर अंग डावीकडे-उजवीकडे आपटू लागली. वाळू दबली तशी थांबली आणि आल्या वाटेनं, मागं न बघता, परत गेली. डोमाजीला ते बरं वाटलं नाही. निदान एकदा मागं पाहायला हवं होतं.

"माय, जा तू," तो पाण्याकडे बघून म्हणाला. "मी हाओ इथं."

दुसऱ्या दिवशी त्यानं त्या जागी एक काडी रोवली आणि तिला लाल चिंधी बांधली. बालाघाट जिल्ह्यातल्या सगळ्या नात्यांमध्ये हे एक नातं वाढलं. प्रेमलाल त्याला जेवायला बोलवताना म्हणे, "चाल रे मामा, तुझी भाची काही आजच निघत नाही."

मार्च सरता सरता डोमाजीच्या गावाहून, किरनापूरहून, तार आली. मुलगी झाली होती, दोघी खुशाल होत्या. डोमाजीनं ती तार प्रेमलालला तीनदा वाचून दाखवली. प्रेमलालला वाचता येत असूनही त्यानं तीनदा ऐकली.

आता तारेत न लिहिलेली गोष्ट. डोमाजीची आई लीलाबाई गावची सुईण. तिच्या हाताखाली जन्मलेल्या लेकराच्या सहाव्या रात्री खोलीतला दिवा विझता कामा नये, असा तिचा कायदा होता. त्या रात्री सटवी येऊन कपाळावर लिहून जाते. अंधार असला तर ती लिहील काय आणि कुठं? डोमाजीच्या कपाळावरचं लेखन वाकडं गेलं होतं, कारण त्याच्या वेळी वाऱ्यानं दिवा दोनदा विझला, हे त्यानं आईकडून आयुष्यभर ऐकलं होतं. म्हणून सहाव्या रात्री बापानं दाराशी बसून दिवा राखायचा.

इथं बाप हजार कोस लांब, समुद्रावर.

आणि त्याच सहाव्या दिवशी संध्याकाळी, लाल चिंधीच्या काडीजवळ, वाळू खाली बसलेली दिसली. बशीसारखा खळगा पडला होता. साहेबांनी सांगितलं होतं, खाली पिल्लं फुटली की वाळू खचते. अंधार पडला, वाळू गार झाली की सगळी मिळून वर येतात.

डोमाजी खळग्याकडे पाहतच राहिला. तिकडे सहावी रात्र, इकडे हेही.

"प्रेमलाल, मी इथं दिवा लावतो."

"साहेबानं काय सांगितलं?"

"ते टॉर्चचं. हा सटवीचा आहे."

प्रेमलाल विचारात पडला. लेकीच्या सहावीच्या शिऱ्याचा रवा त्यानं कढईत ओतला. "मंग लाव," तो म्हणाला. "पण शिरा तूच हलव."

डोमाजीनं आधी पणती लावली. समुद्राच्या वाऱ्यानं विझवली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. तिसऱ्यांदाही विझली. दुसऱ्या कोणाला यातून काही कळलं असतं. डोमाजीला आपल्या कपाळाची आठवण झाली आणि तो आत जाऊन पेट्रोमॅक्स घेऊन आला. पंप मारला, झोपडीच्या दाराशी बांबूला टांगला, आणि सुरूच्या रांगेसमोर पांढराशुभ्र उजेड सुसू करत पसरला. समुद्राच्या बाजूला होता तो फक्त अंधार.

त्यानं हात जोडले. मग दोघांनी शिरा खाल्ला. साजूक तूप होतं. डोमाजी दाराशी बसला, राखायला, आणि बसल्या बसल्या आडवा झाला.

त्याला जाग आली ती आवाजानं. कोणीतरी टिनाच्या पेटीवर नखांनी कोरत होतं. त्यानं डोळे उघडले. वाळू हलत होती. करड्या रंगाची, हाताच्या तळव्यात मावतील एवढी पिल्लं दारातून आत येत होती, खाटेखाली शिरत होती, पेटीला धडकून वळत होती, पुन्हा धडकत होती. एक त्याच्या बुटात होतं. त्याच्या पुढच्या पायांचे दोन्ही इवले पंख चालतच होते, बूट संपेल या आशेनं.

पुढच्या वाळूवर शेकडो बारीक रेघा होत्या. सगळ्या त्याच्याकडे येत होत्या.

"प्रेमलाल," तो म्हणाला. मग त्याची खाट हलवली. "प्रेमलाल, हे मले भेटाले आले."

प्रेमलाल उठला, त्यानं पाहिलं. मग त्यानं बांबूवरचा दिवा उतरवला आणि बंद केला.

अंधार झाला. दोघंही काही दिसेपर्यंत उभे राहिले. हळूहळू समुद्र दिसू लागला. तो कायम तिथंच होता, फिक्या राखेसारखा उजळ, आभाळाला लागून. आणि वाळूवरचा बारीक खुसखुस आवाज वळला. उघड्यावर होती ती पिल्लं एक एक करून त्या उजेडाकडे निघाली. कोणी हाकललं नाही. डोमाजीनं काहीही केलं नाही, आणि तेवढंच करायचं होतं.

मग दोघं टोपल्या घेऊन आत शिरले. खाटेखालची, पेटीमागची, बुटातली पिल्लं टोपलीत भरून भरतीच्या रेषेच्या वर वाळूत सोडली. पाण्यात टाकली नाहीत, कारण त्यांना स्वतः चालत जायचं असतं, हे तरी डोमाजीला आठवलं. काही गेली. काही जरा चालून थांबली. सुरूच्या झाडांत शिरलेली सकाळी सापडली. त्यांना मुंग्या लागल्या होत्या. काहींना खेकड्यांनी बिळात ओढलं होतं, बिळाच्या तोंडाशी एखादा पंख राहिला होता. कावळे आले होते आणि घाईत नव्हते.

डोमाजीनं ती एका फडक्यात गोळा केली. मोजली नाहीत.

"काही झालं नाही," प्रेमलाल म्हणाला आणि खराटा घेऊन वाळू झाडू लागला. अख्खा किनारा झाडायला निघालेला माणूस बालाघाट जिल्ह्यानं अजून दिला नव्हता. "रात्र शांत होती. तू झोपला होता, ते तर खरंच आहे."

साहेब आले तेव्हा प्रेमलालनं खराटा पाठीमागं लपवला. साहेबांनी झाडलेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना रेघा पाहिल्या. त्या वाळूतून निघून झोपडीपर्यंत पंख्यासारख्या पसरल्या होत्या. मग फडक्याकडे पाहिलं.

"बत्ती किसकी थी?"

प्रेमलाल तोंड उघडतच होता. "मेरी," डोमाजी म्हणाला.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वाकून फडक्याची गाठ बांधली. "घर जाओ," ते म्हणाले. "तुम्हारी छुट्टी मंज़ूर."

दोन महिने मागितलेली सुटी त्याला अशी मिळाली.

किरनापूरला लीलाबाईनं दारातच त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळला. बाप आला म्हणून रात्री खोलीत पुन्हा दिवा लावला, मोठ्या वातीचा. पुष्पलतानं लेक मांडीवर दिली. लेकीनं बापाकडे पाहिलं नाही. तिनं डोळे त्या दिव्यावर लावले आणि मान तिकडे वळवली, न थकता. हात उगाच हलत होते.

डोमाजी उठला आणि वात खाली केली. अजून खाली केली. मग विझवली.

"काहून विझवतो रे?" आईनं अंधारातून विचारलं.

"तिकडे पाहून राह्यलती."

"मंग? लेकरं उजेडाकडेच पाह्यतात."

"हौ," डोमाजी म्हणाला. "मले माहीत हाय."

थोड्या वेळानं खिडकी दिसू लागली. लेकीचा चेहरा तिकडे वळला. पलीकडे शेणाचा उकिरडा होता, शेजाऱ्याची बैलगाडी होती. समुद्र नव्हता.

सकाळी त्यानं कोऱ्या कागदावर मार्जिन सोडून अर्ज लिहिला आणि पोस्टात टाकला.

सविनय निवेदन असं की, प्रार्थीच्या दिव्यामुळे काही लहान जीव चुकीच्या दिशेनं गेले. त्यांची माय पुन्हा तिथं आल्यास प्रार्थीस तोंड दाखवता येणार नाही. प्रार्थीची सध्या किरनापूर येथे नेमणूक असून येथे चूक भरून काढण्यास वाव नाही. तरी मा. महोदयांनी विशेष बाब म्हणून किरनापूर परिसरात, शक्यतो प्रार्थीच्या घराच्या पूर्वेस, एक समुद्र मंजूर करावा, तो रात्री विनादिवा ठेवण्याचे आदेश व्हावेत, आणि प्रार्थीस त्याच्या काठी, काहीही न करण्याच्या कामावर, कायम नेमण्यात यावं, ही नम्र विनंती.