गोदाम कुणाचं?

सह्या होणार, तेवढ्यात वकीलबाई म्हणाल्या, "थांबा. सहावं कलम पुन्हा वाचते."

मध्यस्थांनी चष्मा वर केला. वकीलबाईंचा अशील म्हणजे भाऊ, आणि समोर त्याचे दाजी, सख्ख्या बहिणीचा नवरा. बाटल्यांची झाकणं बनवायचे भावाचे पोलादी साचे दाजींच्या कंपनीने कामासाठी नेले, मग भांडण झालं नि अडवून ठेवले. भावाचा कारखाना बंद पडायला आला होता.

"'साचे लवकरात लवकर परत देऊ.' हे नुसतं आश्वासन झालं. उद्या फिसकटलं, तर न्यायालय कशाची अंमलबजावणी करणार? करार न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा चालायला हवा असेल, तर कोणते साचे, कुठल्या तारखेला, कुठून, सगळं लिहायला हवं."

"माझ्या शब्दाला किंमत नाही?" दाजींनी पेन खाली ठेवलं.

"आहे. पण न्यायालयाच्या बेलीफला शब्द दाखवून दार उघडून घेता येत नाही."

मध्यस्थांनी दाजींना समजावलं. प्रत्येक साच्यावर कोरलेला क्रमांक करारात आला, तारीख आली. न दिल्यास न्यायालयामार्फत ताबा, हेही आलं.

"कुठून उचलायचे?" वकीलबाईंनी विचारलं.

"मागच्या गोदामातून."

"गोदाम कंपनीचंच ना?"

दाजी म्हणाले, "हिच्या नावावर आहे."

ही म्हणजे दाजींची बायको, भावाची ताई. कंपनीची सही ताईंना बांधत नव्हती. बेलीफ आला तरी 'ही जागा कंपनीची नाही' म्हणून त्याला दारातच अडवता आलं असतं.

"ताईंना करारात घ्यावं लागेल."

"तिला यात ओढायचं नाही," दाजी म्हणाले.

भावानेही मान हलवली. "नको. घरात तिला रोज ऐकावं लागेल."

"मग सही करू नका," वकीलबाई म्हणाल्या. "कागद हातात राहील, साचे तिथेच."

शेवटी भावाने खिशातून फोन काढला. त्यानेच ताईला बोलावलं.

ताई आली. एकाही चेहऱ्याकडे न बघता तिने मसुदा शेवटपर्यंत वाचला.

"मला कुणी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. "माझं एक लिहा. बेलीफ आला तर आधी मला कळवायचं, मी कुलूप उघडेन. मी नाही आले, तर तोडा."

दाजींनी पेन पुन्हा उचललं. कलम लिहिलं गेलं. तिघांनी पानोपानी सह्या केल्या आणि मध्यस्थांनी करार प्रमाणित केला.

ठरलेली तारीख आली नि गेली. साचे आले नाहीत. वकीलबाईंनी अंमलबजावणीचा अर्ज केला आणि बेलीफ गोदामापाशी पोचला.

"ही जागा कंपनीची नाही," दाजी म्हणाले.

बेलीफने ताईच्या सहीचं पान पुढे धरलं. दाजींनी ते वाचलं आणि बाजूला झाले. तोवर ताई आलीच होती. तिने कुलूप काढलं, दार ढकललं.

बेलीफबरोबर आलेला भाऊ तिच्याशी बोलायला पुढे आला.

"आधी क्रमांक जुळवून घे," ती म्हणाली. "परत यायची वेळ नको. यायचंच, तर घरी ये."