बाराने भागल्यावर

ताईच्या ऑफिसात एक अलिखित नियम होता. उमेदवाराला आकडा सांगायचा तो वर्षाचा. महिन्याचा आकडा आपल्या तोंडून काढायचा नाही, नेमणुकीच्या पत्रातही वर्षाचाच. समोरच्याने मनातल्या मनात बाराने भागलं, त्याचे डोळे चमकले, तर चमकू द्यायचे. "भागाकार त्यांचा, आपला नाही," असं तिचे साहेब हसत हसत सांगायचे, आणि ताईही हसायची. भरतीच्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. काचेच्या त्या छोट्या खोलीत तिने कितीतरी जणांना पॅकेज ऐकवलं होतं, आणि खुर्चीतून उठताना प्रत्येक जण आत आला त्यापेक्षा दोन बोटं उंच दिसायचा.

तिचा धाकटा भाऊ मात्र त्या खोलीत बसला नाही. त्याला तिने पॅकेज ऐकवलं ते घरी, जेवताना, आईसमोर.

धाकट्याला घरात सगळे बाळ्या म्हणत. बाळ्या चांगला चौतीस वर्षांचा, एका मुलीचा बाप, यंत्रांची देखभाल करणारा इंजिनीयर. पण एकदा बाळ्या म्हटलं की कायमचा बाळ्या. जुन्या कारखान्यात त्याचं पॅकेज साडेनऊ लाख होतं आणि महिन्याला बहात्तर हजार हातात पडत होते. बायको जवळच्या बालवाडीत शिकवायची, तिचे थोडे यायचे. तक्रार अशी काही नव्हती. पण ताईच्या कंपनीत देखभालीच्या विभागात जागा रिकामी होती, कितीतरी महिने भरत नव्हती, आणि ती भरली नाही तर ताईचा स्वतःचा वर्षाचा बोनस लटकणार होता. तिने भावाचं नाव सुचवलं. मुलाखती झाल्या, तो स्वतःच्या अकलेवर पास झाला, त्यात ताईचा काही हात नव्हता. हात होता तो पुढच्या गोष्टीत.

"बारा लाख!" ताई म्हणाली आणि भाताचा घास तोंडात टाकला.

"म्हणजे महिन्याला लाख?" आईचा हात गालावर गेला. "अगं बाई, लाख!"

बाळ्याने तरी विचारलं होतं. पठ्ठ्या अगदीच भोळा नव्हता. "ताई, हातात किती येतील गं? लाखाच्या आसपास?"

आता इथे बोलायला हवं होतं. सगळं तिला तोंडपाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण आई तिच्याकडे जशी बघत होती, तसं शाळेत पहिल्या नंबराचं बक्षीस आणल्यावरसुद्धा तिने बघितलं नव्हतं. भावजय आग्रहाने वाढत होती. आणि कंपनीतली ती रिकामी जागा भरत होती.

"थोडं पीएफ-बीएफ कापलं जातं रे," ताई म्हणाली. "थोडंच."

नंतर सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. माणूस किती सहज ठरवतो असं!

बाळ्याने राजीनामा दिला तेव्हा जुन्या साहेबांनी त्याला थांबवून साडेदहा लाख देऊ केले. त्याने लगेच ताईला फोन लावला. जुन्या कारखान्यात पीएफ किमान मर्यादेवरच कापत, वर्षाअखेरच्या बोनसची भानगड नव्हती, जे बोलले ते जवळजवळ सगळं दर महिन्याला हातात येत असे. साडेदहा म्हणजे हातात ऐंशीच्या घरात, हे ताईला फोन कानाला असतानाच कळलं. ती म्हणाली, "साडेदहा आणि बारा. तूच ठरव बाबा." खोटं एक अक्षर नाही. तेच तर वाईट होतं.

मग लाखाच्या भरवशावर सगळं भराभर झालं. बायकोने बालवाडी सोडली. मुलगी सारखी आजारी पडायची, घरी कोणीतरी हवंच होतं. दोन खोल्यांच्या घरातून तिघं आईला घेऊन मोठ्या घरात गेली, आणि तिथलं भाडं जुन्या भाड्याच्या दुप्पट. ताई घर बघायला गेली तेव्हा भावजयीने तिला खिडकीतला वारा दाखवला, आईची स्वतंत्र खोली दाखवली, आणि म्हणाली, "ताई, सगळं तुमच्यामुळे हं." ताईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

रुजू व्हायच्या दिवशी ताईनेच त्याची माहिती कंपनीच्या सिस्टिममध्ये भरली. त्यात एक प्रश्न असतो: पीएफ पूर्ण बेसिकवर कापायचा की कायद्याच्या किमान मर्यादेवर, म्हणजे महिना अठराशे. हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचा असतो, आणि एकदा ठरलं की त्यांच्या कंपनीत पुन्हा बदलता येत नाही. बाळ्या समोरच बसला होता, गळ्यातल्या नव्या ओळखपत्राशी खेळत. विचारायला तोंड उघडलं असतं तर त्याने विचारलं असतं, "म्हणजे किती कापतात?" आणि मग एकातून एक सगळंच बाहेर आलं असतं. ताईने न विचारता "पूर्ण" वर टिचकी मारली. बचतच होईल की त्याची, असं मनाला समजावलं.

"झालं का गं ताई?" त्याने विचारलं.

"ऑफिसात मॅडम म्हण," ती खेकसली. "लोक काय म्हणतील!"

तो हसला. पण जमायचंच नाही त्याला. लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये, चार लोकांत तोंडून "ताई"च निघायचं, आणि मग तो जीभ चावायचा.

पहिला पगार झाला त्या दुपारी तो तिच्या टेबलाशी आला. चिडला नव्हता. उलट गालातल्या गालात हसत होता.

"ताई, तुमच्या लोकांनी घोळ घातलाय बघ. एकोणसत्तर हजार चारशेच आलेत. उरलेले कधी टाकणार?"

ताईने त्याला काचेच्या खोलीत नेलं. तो उमेदवाराच्या खुर्चीत बसला.

"घोळ नाही रे," ती म्हणाली. "बारा लाख म्हणजे कंपनीला तुझा होणारा सगळा खर्च. त्यातले महिना पंधरा हजार व्हेरिएबल. ते वर्षाच्या शेवटी मिळतात, तेही काम कसं झालं ते बघून. महिन्याच्या लाखातले राहिले पंच्याऐंशी. तुझं बेसिक चाळीस हजार. त्यावर बारा टक्के कंपनी तुझ्या पीएफमध्ये भरते, अठ्ठेचाळीसशे. तेही बारा लाखांतच धरलेले. ग्रॅच्युइटीचे एकोणीसशे चोवीस, पाच वर्षं टिकलास तर हातात येणारे. विम्याचे सातशे शहात्तर. हे सगळं जाऊन बेसिक, घरभाडं भत्ता आणि विशेष भत्ता मिळून साडेसत्याहत्तर हजार."

"आणि त्यातून?"

"त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ, परत अठ्ठेचाळीसशे. व्यवसाय कर दोनशे. आणि प्राप्तिकर, एकतीसशे."

बाळ्या टेबलावर वाकला. बोटाने काहीतरी लिहीत होता. जुने बहात्तर, नवे एकोणसत्तर. तोच हिशोब असणार, दुसरा कुठला?

मग मान वर करून म्हणाला, "जाऊ दे ताई. तुला तरी कुठे माहीत असणार? हे पगारवाले लोक करतात सगळं. तुलाही गुंडाळलंच की त्यांनी."

असं म्हणाला! ताईला वाटलं, याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. दार सताड उघडून दिलं होतं त्याने, आणि ती निर्लज्जासारखी त्यातून बाहेर पडली. "हो ना," इतकंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिच्या टेबलावर टकटक केलं. रिकाम्या जागा सगळ्या भरल्या, तिचा बोनस मंजूर झाला. अभिनंदन! शेजारच्या मुलीने पार्टी मागितली. ताई स्वच्छतागृहात गेली, तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघायचं टाळून बाहेर आली. स्वतःची इतकी किळस तिला आयुष्यात आली नव्हती.

रविवारी सकाळी ती त्यांच्याकडे गेली. आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत ती कोणाशी तरी फोनवर बोलत होती. भावजय धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बालवाडीत विचारून आले, म्हणाली, पण तिथे दुसरी बाई घेतलीय. ताईचं तोंड बघून बाळ्या उठून बसला.

"मला माहीत होतं," ताई म्हणाली. "सगळं. पहिल्या दिवसापासून. जेवताना तू विचारलंस तेव्हाही, आणि साडेदहाचा फोन केलास तेव्हाही."

घड्या घालणारे हात थांबले.

"अजून आहे. पीएफ अठराशेवर ठेवता येत होता. कंपनीचे तीन हजार तुझ्या भत्त्यात आले असते, तुझे तीन हजार वाचले असते. थोडा कर वाढला असता, तरी पंच्याहत्तर आले असते हातात. ते तुला विचारायचं होतं. मी विचारलंच नाही. आता बदलत नाही ते." तिने पर्समधून चेक काढला. "माझा बोनस आहे. तुझी जागा भरली म्हणून मिळाला. हा घे."

बाळ्याने चेककडे बघितलंसुद्धा नाही. "विचारलं असतंस तर मी सगळंच विचारलं असतं," तो हळूच म्हणाला. "म्हणून नाही विचारलंस ना?"

ताईने होकारार्थी मान हलवली. रडायचाही हक्क आपल्याला नाही, असं तिला वाटलं, आणि तरी डोळे भरलेच.

तेवढ्यात दारापलीकडून आईचा आवाज मोठा झाला. "अगं, लाखाची नोकरी! लेकीने लावून दिली. सख्ख्या भावासाठी एवढं कोण करतं हल्ली?"

भावजय ताईकडे बघत राहिली. मग खाली मान घालून राहिलेल्या घड्या घालू लागली.

"आईला सांगू नकोस," बाळ्या म्हणाला. "तुझं मोठं कौतुक आहे तिला. राहू दे ते." त्याने चेक उचलून तिच्या पर्समध्ये परत ठेवला आणि पर्सची चेन लावून दिली.

सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये तो भेटला. आत पाचसहा जण होते. तो बाजूला सरकला, तिच्यासाठी जागा केली.

"गुड मॉर्निंग, मॅडम," तो म्हणाला. अगदी सहज, एकदाही न अडखळता.