तीन खरी उत्तरे

सालेहाने भौतिकशास्त्रात पदवी घेतली होती, त्यामुळे वर्गीकरणावर तिचा विश्वास होता. लातुरात क्लासेसचे प्रवेश सुरू झाले की वसतिगृहांना गाद्या लागत, आणि तिच्या अब्बांच्या, पाशामियाँच्या, दुकानाचा फोन दिवसभर टुणटुणत राही. तिने मागच्या वर्षीचे संदेश वाचून काढले. माणसे निरनिराळी, पण प्रश्न तीनच: माल तयार आहे का, आमच्या मापाची करून मिळेल का, जास्त घेतल्यावर कमी कराल का. मग तिने फोनमध्ये तीन उत्तरे जतन केली. तिरकी रेघ देऊन एक शब्द टाकला की सगळे उत्तर आपसूक चौकटीत येई.

पहिले: ‘तीन बाय सहाच्या गाद्या तयार आहेत. आज सांगा, उद्या पोच.’ दुसरे: ‘कोणत्याही मापाची, हव्या त्या खोळीची गादी बनवून मिळेल.’ तिसरे: ‘वीस व त्याहून अधिक गाद्यांवर दहा टक्के सवलत.’

“बेटा, गिऱ्हाईक बोलतं तेव्हा आपण ऐकावं लागतं,” पाशामियाँ कापसाचे गठ्ठे सरकवत म्हणाले. “तू तर त्याचं बोलणं संपायच्या आधीच जवाब तयार ठेवलास.”

“अब्बा, प्रश्न तेच असतील तर उत्तर रोज नवं कशाला?”

पाशामियाँनी पुढचा गठ्ठा ओढला.

शनिवारी रत्नम्माचा संदेश आला. मूळची उदगीरची ही बाई मुलींचे नवे वसतिगृह काढत होती. ‘तीस गाद्या पाहिजेत. अडीच फुटी. सोमवारी पोरी येणार. काही कमी करा.’ सालेहाने पाहिले: एका संदेशात तिन्ही प्रश्न होते. तिने एकामागून एक तिन्ही उत्तरे पाठवली आणि पद्धत यशस्वी झाल्याचे समाधान मानले.

रविवारी सकाळी रत्नम्मा टेम्पो घेऊन दारात उभी.

“पाशाभाई, गाद्या भरा.”

“कोणत्या, अक्का?”

“अडीच फुटी. तीस. दहा टक्के कमी.” तिने फोन पुढे केला. “तुमच्याच पोरीनं लिव्हलंय. कोणत्याही मापाची मिळेल, आज सांगा उद्या पोच.”

सालेहाने संदेश पुन्हा वाचले. प्रत्येक वाक्य खरे होते. उद्या पोच तयार मालाची होती, आणि मापाच्या गादीला आठवडाभर तरी लागतो हे तिने लिहिले नव्हते. कारण नेमके किती दिवस, ते मापावर अवलंबून होते. पण तिन्ही खरी वाक्ये एकाखाली एक ठेवल्यावर जे तयार झाले होते, ते कुठेच खरे नव्हते. असे कसे होऊ शकते, हे तिला कळेना.

“अक्का, ती तीन वेगवेगळी उत्तरं आहेत.”

“मी इचारलं एक, तू दिलीस तीन. कोणतं माझं, ते मी वळखायचं व्हय?” रत्नम्मा दाराशीच बसली. “उद्या पोरी जमिनीवर निजल्या तर त्यांचे बाप दुसरं हॉस्टेल बघत्याल. माझं सुरू होयाआधीच बंद.”

सालेहाने मग प्रथमच विचारले, “अडीच फुटीच का?”

“खाटा जुन्या हायत. भूकंपानंतरच्या शेडातल्या लोखंडी. इकायला काढल्या व्हत्या, घेतल्या. काही अडीच, काही पावणेतीन, चार-दोन चांगल्या तीन फुटी. म्हणलं, बारकी गादी सगळीकडं बसंल.”

म्हणजे अडीच फुटी तीस गाद्या मुळात लागणारच नव्हत्या. सवलतीचा हिशेबही कोसळला: कापड थरावर थर घालून एकाच मापात कापले जाते, म्हणून सवलत परवडे; वेगवेगळ्या मापांना नाही. पण तसे तिसऱ्या उत्तरात कुठे होते? हे गिऱ्हाईक कोणत्या रकान्यात टाकावे, हे आता तिला सांगता येत नव्हते. बहुधा आधीची गिऱ्हाईकेही त्या रकान्यांत कधी नव्हतीच.

पाशामियाँ टेप घेऊन टेम्पोत चढले. “चला अक्का, खाटा दाखवा.”

संध्याकाळपर्यंत ठरले. तीन फुटी खाटांवर तयार गाद्या. बाकीच्या खाटा जोडीजोडीने तारेने बांधल्या, म्हणजे दोन खाटांवर मिळून पाच-साडेपाच फुटांची जागा झाली, आणि तिच्यावर आठवडाभरापुरत्या, पिंजलेल्या कापसाच्या कच्च्या, टाके न घातलेल्या गाद्या पसरल्या. मापाच्या गाद्या नंतर येतील. सवलत सगळ्यांवर.

“दहा टक्के का?” पाशामियाँनी हळूच विचारले.

“मी लिहून दिलंय, अब्बा.”

रात्री जेवणाआधी सालेहाने तिन्ही उत्तरे पुसली आणि एकच लिहिले: ‘कृपया कळवा: खाटेचे माप काय? सगळ्या खाटा एकाच मापाच्या आहेत का? गाद्या किती? कधीपर्यंत हव्यात? त्यानंतरच भाव, सवलत व तारीख सांगता येईल.’ एक वाक्य दुसऱ्याला खोटे पाडत नाही ना, हे तिने तपासले.

तेवढ्यात चाकूरच्या एका गृहस्थांचा संदेश आला: ‘गाद्या हायत का?’ तिने नवे उत्तर पाठवले.

थोड्या वेळाने चारही प्रश्नांना मिळून त्यांचा एकच होकार आला: ‘हाव.’

सालेहाने तिरकी रेघ टाकली आणि पुसली. मग तिने त्यांना फोन लावला.