केव्हिनला लिहिलेला मेमो

१९८१ साली सिडनीजवळच्या पॅरामॅटातल्या एका सरकारी ऑफिसात मी पुराच्या पाण्याची गणितं करणारा इंजिनिअर होतो. चार महिने मान मोडून केलेल्या कामाच्या अहवालाचा छपाईआधीचा मसुदा मंगळवारी हातात आला, तर पहिल्या पानावर माझ्या सहकाऱ्याचं, एकट्या केव्हिनचं नाव. पुढच्या महिन्यात सीनिअरच्या जागेसाठी माझी मुलाखत होती आणि पॅनेल हाच अहवाल बघणार होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या रात्री गिरावीन उपनगरातल्या आमच्या घरी न जेवता मी केव्हिनला चार पानं खरडली. चोर, निर्लज्ज, तू नेहमीच असा, सगळं आलं त्यात. माझ्या बायकोनं, चित्रानं, पुण्यात बँकेत तक्रारींना उत्तरं देण्यात सहा वर्षं काढली होती. तिनं उभ्या उभ्या चारही पानं वाचली.

"तुला नक्की काय हवंय?"

"माझं नाव."

"मग ते मागितलंयस कुठे?"

चार पानांत कुठेच नव्हतं. माझा चेहराच पडला.

मग तिनं पेन घेतलं. 'चोर' गेला, 'नेहमीच' गेलं. 'मुद्दाम' खोडताना, त्याच्या मनातलं तुला कसं कळलं, असं विचारलं. 'याचं मला फार वाईट वाटलं' हे वाक्य मीच खोडायला गेलो, तर तिनं हात धरला. ते खरं आहे, राहू दे म्हणाली. शेवटी सात ओळी उरल्या: पान चौदा ते एकतीसवरची गणितं माझी आहेत, अहवालावर माझं नाव नाही, याचं मला फार वाईट वाटलं, छपाईला जाण्याआधी ते घालावं.

असा नेटका मजकूर हातानं लिहून कसा द्यायचा? बुधवारी सकाळी मी तो टायपिंग पूलच्या, म्हणजे ऑफिसातल्या टायपिस्टांच्या, ट्रेमध्ये टाकला. तिथे कामाचा ढीग होता. केव्हिन माझ्यापासून दोन टेबलांवर बसायचा. बुधवारी आणि गुरुवारी आम्ही चहा बरोबर घेतला. मी चकार शब्द काढला नाही. कागद येतोय, तो बोलेल, अशा तोऱ्यात होतो मी.

शुक्रवारी मेमो टाइप होऊन आला. केव्हिननं तो दोनदा वाचला. त्याचे कान लाल झाले.

"यू आर राइट, मेट. माझ्या लक्षातच आलं नाही, सॉरी. पण अहवाल काल आर्वोला, दुपारीच, छापून झाला. मंगळवारी नुसतं सांगितलं असतंस, तर तिथल्या तिथे पेनानं नाव घातलं असतं."

माझ्यासमोरच त्यानं छापखान्याला फोन केला, मग साहेबांना. एका नावासाठी दोनशे प्रती पुन्हा छापायला साहेब तयार नव्हते. केव्हिन रिसीव्हर हातात धरून तसाच बसला.

घरी चित्रानं विचारलं, काय म्हणाला? सगळं कबूल केलं त्यानं, मी म्हटलं. ती खूश होऊन पानं वाढायला गेली.

मी खणातून ती चार पानं काढली. वाचायला लागलो, पण 'चोर' या शब्दापुढे जाता येईना. केव्हिनला तो लागू होत नव्हता. राग मात्र होता तसाच होता, आणि ज्याच्यावर रागवावं असा आता मीच तेवढा उरलो होतो.