प्रयोगशाळेच्या प्रिंटरसाठी दुसरं पत्र

सुमेधा मगरेनं पत्र टाइप करून आणलं तेव्हा मुख्याध्यापिका उढाण मॅडम शालेय पोषण आहाराच्या तांदळाची नोंद तपासत होत्या. वडीगोद्रीच्या पुढं हायवेलगतच्या या शाळेत सुमेधा तीन वर्षांपासून नववी-दहावीला विज्ञान शिकवत होती. मॅडमनी मान वर न करता हात पुढं केला आणि पत्र घेतलं.

विषय होता, विज्ञान प्रयोगशाळेसाठी प्रिंटर खरेदी करण्याबाबत. प्रयोगशाळेत आजवर प्रिंटर नव्हताच. ऑफिसात एक होता, लेझरचा, पण तो दाखले आणि पगारबिलांतून मोकळा होत नसे. शिवाय लाईट गेली आणि त्यावर पान काढायला गेलं, की इन्व्हर्टर ट्रिप होऊन सगळं ऑफिस अंधारात जाई. म्हणून सुमेधानं शाईच्या टाकीचा प्रिंटर सुचवला होता. तो फारच थोडी वीज खातो, इन्व्हर्टरवर आरामात चालतो. जालना आणि अंबडच्या दुकानांची मिळून तीन दरपत्रकं जोडली होती. सगळ्यांत कमी दर चौदा हजारांचा.

हिशोब तिनं नीट मांडला होता. प्रयोगाच्या वेळी दोन मुलांत एक कृतिपत्रिका, म्हणजे आठवड्याला एकशे दहा पानं. वर्षात असे पंचवीस आठवडे धरले तर पावणेतीन हजार पानं. बाहेर झेरॉक्सला पानामागं दोन रुपये पडतात, म्हणजे साडेपाच हजार. प्रिंटरवर कागद आणि शाई धरून पान पाऊण रुपयात निघतं, म्हणजे एकवीसशेच्या आत. शाईच्या बाटलीत साडेचार हजार पानं निघतात असं कंपनी म्हणत होती. सुमेधानं तीनच हजार धरली होती. वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास बचत, चार वर्षांत प्रिंटरची किंमत वसूल.

मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. मग शेजारच्या टेबलाकडं बघून म्हणाल्या, "हरिओम, झेरॉक्सची व्हाउचरं काढा. विज्ञान विभागाची."

लिपिक हरिओमनं कपाटातल्या दोन फाइली उलटसुलट केल्या. "न्हाईत मॅडम. विज्ञानाचं एक बी न्हाई. परीक्षेच्या झेरॉक्सची आहेत."

"बिलं कुठं आहेत, मगरे मॅडम?" मॅडमनी विचारलं.

बिलं नव्हतीच. सुमेधा दर सोमवारी हायवेवरच्या दुकानात पैसे देऊन कृतिपत्रिका काढून आणायची, स्वतःच्या पगारातून. तीन वर्षांत तिनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

"मी भरत होते," ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढला. त्या शाबासकी देतील असं सुमेधाला क्षणभर वाटलं.

"मंग ह्यात शाळेचं वाचतं काय?" मॅडम म्हणाल्या. "शाळेनं हा खर्चा कधी केलाच न्हाई. चौदा हजार एकदा, अन् वर्षाला दोन हजार नवीन. शाळा समितीपुढं मी बचत म्हणून हे वाचलं, अन् अध्यक्षांनी बिलं मागितली तर?"

"पण खर्च झालाय ना मॅडम. कुणीतरी केलाय."

"तुम्ही केलाय. अन् तुम्ही न सांगता केलात म्हणून इथं सगळ्यांना वाटत राह्यलं, की हे फुकटात होतं." मॅडमनी पत्र परत दिलं. "शनिवारी समितीची मीटिंग आहे. दुसरं लिहा."

सुमेधाला राग आला. बाहेर व्हरांड्यात हरिओम मागोमाग आला. माणूस वाईट नव्हता, अडलेलं काम सुटलं पाहिजे एवढंच त्याला कळे.

"टेन्शन कशाला घेता मॅडम? झेरॉक्सवाला वळखीचा आहे. मागच्या तारखेची बिलं घेऊ, शिक्क्यासगट. पैसे तर तुम्ही खरंच दिलेत. खोटं कुठंय त्यात?"

सुमेधानं नाही म्हणायला वेळ लावला. पैसे खरे होते, पानं खरी होती. फक्त शाळेच्या नावावर काही नव्हतं. हे एवढं एक सरळ केलं की हिशोब पुन्हा उभा राहणार होता. पण मुलांना ती दर आठवड्याला सांगायची, की जे दिसलं तेच निरीक्षणात लिहा, पुस्तकात छापलेले आकडे उतरवू नका. ती म्हणाली, "नको हरिओम भाऊ. राहू द्या."

दुसऱ्या दिवशी तिनं नव्यानं बसून लिहिलं. या वेळी बचत हा शब्दच घेतला नाही.

'प्रिंटर घेतल्याने शाळेचा खर्च कमी होणार नाही, वाढणार आहे,' अशी सुरुवात केली. 'आजवर कृतिपत्रिकांचा खर्च मी स्वतः करत आले. त्याची बिले नाहीत आणि त्याची परतफेडही मी मागत नाही. परंतु एका शिक्षकाच्या खिशावर चालणारी सोय त्या शिक्षकाबरोबर जाते. मी रुजू झाले त्या पहिल्या काही महिन्यांत कृतिपत्रिका नव्हत्या, तेव्हा मुले पस्तीस मिनिटांच्या तासिकेतील निम्मा वेळ फळ्यावरची कृती उतरवण्यात घालवत, आणि प्रयोग मी करून दाखवत असे. आता प्रयोग मुले करतात.'

पुढचा परिच्छेद जड गेला. प्रयोगशाळेसाठी यंदा एकवीस हजार मंजूर होते आणि त्यातून सहा सूक्ष्मदर्शक यायचे होते. ती मागणीही तिनंच मागच्या वर्षी केली होती. एका सूक्ष्मदर्शकाला साडेतीन हजार. प्रिंटर घेतला तर दोनच येणार. तिनं ते तसंच लिहिलं, आणि खाली लिहिलं, की निवड करायची झाल्यास मी प्रिंटर निवडते, कारण तो प्रत्येक प्रयोगाला लागतो आणि सूक्ष्मदर्शक वर्षातल्या मोजक्या प्रयोगांना. शाई आणि कागदाचे दरसाल एकवीसशे सत्र शुल्कातून मिळावेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाई वाळून छिद्रं बुजू नयेत म्हणून आठवड्याला एक पान काढावं लागेल, हेही लिहिलं.

मॅडमनी ते वाचून सही केली. एवढंच विचारलं, "सुट्टीत पान कोण काढणार?"

"ऑफिस उघडं असतं मॅडम. हरिओम भाऊंना दाखवून ठेवते."

शनिवारच्या मीटिंगला सुमेधाला बोलावलं नव्हतं. सोमवारी मॅडमनी ठरावाची प्रत तिच्या हातात दिली. प्रिंटर मंजूर होता. खाली एक ओळ जास्तीची होती, की यापुढं कोणत्याही शिक्षकानं शाळेच्या कामाचा खर्च परस्पर स्वतः करू नये.

"ही ओळ अध्यक्षांनी घातली?" सुमेधानं विचारलं.

"मी घातली," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला चांगलं वाटावं म्हणून न्हाई. उद्या तुमच्या जागी येणाऱ्याला वाटायला नको, की इथं असंच असतं."

प्रिंटर पंधरा दिवसांनी आला. सुमेधानं टाक्या भरल्या, शाई नळ्यांतून पुढं सरकेपर्यंत थांबली, आणि कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशींची कृतिपत्रिका छापली. मुलांनी ती विशेष काही न वाटता घेतली. त्यांच्या लेखी कागद नेहमीसारखाच आला होता.

त्या तासाला सूक्ष्मदर्शक मात्र तीनच होते, जुना एक आणि नवे दोन. पंचावन्न मुलांची रांग दारापर्यंत गेली. सुमेधा एकेकाला पुढं घेत होती, काच सरळ करत होती, आणि घंटा झाली तेव्हा बारा जण राहिले होते.

"मॅडम, आम्हाला दिसलंच न्हाई," रांगेतली एक मुलगी म्हणाली.

पुढची तासिका मराठीची होती. सुमेधानं दारात जाऊन मराठीच्या सरांकडं दहा मिनिटं मागितली. त्यांनी सात दिली. ती परत टेबलाशी आली आणि म्हणाली, "या, जल्दी या. डावा डोळा मिटायचा नाही, दोन्ही उघडे ठेवा."