शर्टाच्या बटणाएवढी

जन्मभर दुसऱ्यांचे मुंढे मापणाऱ्या शिंप्याला स्वतःच्या काखेत काय चाललंय याचा पत्ता नसावा, हा विनोद मास्तरांना पुढे सुचला. त्या दिवशी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला बाही टाचताना डावा हात वर केला आणि काखेत ठणका उठला. त्यांनी सदऱ्यात हात घालून चाचपलं. तिथे गाठ होती, चांगली कोटाच्या मोठ्या बटणाएवढी, आणि दाबली की दुखत होती.

मास्तरांचं दुकान खाली आणि खोली वर. मधला जिना इतका अरुंद की दोन माणसं एकदम चढू शकत नाहीत. पण तशी वेळ बऱ्याच वर्षांत आली नव्हती. बायको गेली त्याला आता काळ लोटला. मुलगी दुसऱ्या शहरात, नवरा, मुलगा आणि नोकरी यांत गुंतलेली. बापलेकीत भांडण म्हणाल तर अजिबात नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान मिटवायला तरी कुणी आलं असतं. दिवाणखान्यातल्या पाहुण्यांसारखी दोघं एकमेकांशी नीट वागत, आणि फोनवर "तब्येत?" "बरी." "तुमची?" "बरी," एवढ्यावर बोलणं आटपत असे.

गाठीबरोबर संध्याकाळी अंग कोमट व्हायला लागलं आणि दुपारी मशीनवरच डोळा लागायला लागला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी दुखणं कमी व्हायच्या गोळ्या दिल्या. गाठ जागची हलली नाही. मग त्यांनी मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनकडे चिठ्ठी दिली. सर्जनने सोनोग्राफी करून घेतली आणि तो म्हणाला, "मास्तर, गाठ काढून तपासायला पाठवावी लागेल. येताना घरचं कुणीतरी घेऊन या."

घरचं कुणीतरी! मास्तर दुकानात परत आले, शटर अर्धं ओढलं आणि बराच वेळ टेबलावरच्या खडूचे तुकडे रंगवारी लावत बसले. शेवटी त्यांनी मुलीला फोन केला. "काही विशेष नाही, काखेत एक गाठ आहे," असं म्हणेपर्यंत पलीकडून आवाज आला, "मी येते."

आणि खरंच आली. दुसऱ्याच दिवशी बॅग घेऊन त्या अरुंद जिन्यावर उभी. मास्तरांनी आधी बॅग वर नेली, मग तिला वाट दिली.

सर्जनच्या खोलीत ती शेजारच्या खुर्चीवर बसली. सर्जन तरुण होता, पण घाईचा नव्हता. वजन उतरलंय का, खोकला आहे का, घरात कुणाला टीबी होता का, असं एकेक विचारत गेला.

"घरात कुत्रं-मांजर?" तो म्हणाला. "गेल्या महिना-दोन महिन्यांत मांजराने ओरबाडलं वगैरे? विशेषतः पिल्लाने? कधी कधी त्यानेही काखेत अशी गाठ येते. तसं असेल तर मग एवढं घाबरण्याचं कारण नाही, बहुतेक वेळा आपोआप बसते."

मास्तरांना एकदम आठवलं. पिल्लू होतं. वरच्या मजल्यावरची शाळामास्तरीण घर बदलत होती. सामान लागेपर्यंत म्हणून तिने आपलं करड्या रंगाचं पिल्लू मास्तरांकडे ठेवलं होतं. त्या कार्ट्याने दुकानाचा पार बाजार मांडला. बॉबिन पळवल्या, टाचण्यांची उशी फाडली, आणि सारखं मान खाजवत मास्तरांच्याच मांडीवर येऊन झोपलं. एकदा मशीनच्या पायडलखाली शिरलं म्हणून बाहेर ओढताना त्याने मास्तरांच्या डाव्या हाताच्या पाठीवर नखं काढली. रक्ताची बारीक रेघ आली. शिंप्याच्या हाताला असल्या रेघांचं काय कौतुक! काही दिवसांनी तिथे लालसर पुटकुळी आली, तीही सुई टोचली असेल म्हणून सोडून दिली. मग मास्तरीण पिल्लू घेऊन गेली आणि दुकानात मशीनचा आवाज तेवढा उरला. गाठ आली ती त्यानंतर. तोवर ओरखडा विसरूनही झाला होता.

म्हणजे सगळं जुळत होतं. एक शब्द बोलायचा अवकाश होता.

पण सकाळी मुलीने चहा केला होता. ते उठायच्या आत, दोन कप. कपाटातला दुसरा कप बाहेर काढलेला पाहून मास्तर मोरीत जाऊन उगाच तोंड धूत राहिले होते. मांजराचं नाव काढलं, की ही संध्याकाळच्या गाडीने परत.

"नाही," मास्तर म्हणाले. "मी एकटाच असतो."

मुलीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात ठरली. त्या मधल्या दिवसांसारखे दिवस मास्तरांच्या आयुष्यात बऱ्याच काळानंतर आले होते, आणि माणूस किती हावरट असतो ते त्यांना स्वतःकडे बघूनच कळलं. मुलगी दुकानात बसून शर्टांना बटणं लावी. लहानपणी लावायची तशीच, जीभ दातांत धरून. मास्तर मुद्दाम काजाचं काम लांबवत. "दोरा घट्ट ओढू नकोस, बटणाला श्वास घेऊ दे," ते म्हणत, आणि ती म्हणे, "अजून तेच वाक्य आहे का, बाबा?" एकदा तर ती खळखळून हसली. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने वळून पाहिलं तेव्हा मास्तरांना उगाच मिरवल्यासारखं वाटलं. गाठ ठणकत होती, आणि मास्तर मनातल्या मनात तिला म्हणत होते, बाई, अजून थोडी थांब.

दवाखान्यात जायच्या आदल्या दुपारी ते काहीतरी विसरलं म्हणून वर आले. मोरीचं दार बंद होतं, आतला नळ पूर्ण सोडलेला होता. पाण्याच्या आवाजाखाली मुलगी फोनवर नवऱ्याशी बोलत होती.

"आईचंही असंच सुरू झालं होतं," ती म्हणत होती. "गाठच होती. काढून तपासू म्हणाले होते. मला परत दवाखान्यातल्या त्या बाकड्यावर बसवत नाही रे. पण बाबांना कोण आहे?" आणि मग ती रडायला लागली. तोंडावर टॉवेल धरून, आवाज फुटू नये अशी.

मास्तर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. आपण चोरी केली ती चहाच्या कपाची असं त्यांनी धरलं होतं. ही लेक त्याची किती मोठी किंमत देत होती ते त्यांना आत्ता दिसलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पण दार उघडून सांगण्याचं धाडस त्यांना झालं नाही. रात्रभर ते छताकडे बघत पडून राहिले.

सकाळी दवाखान्यात सर्जन पलंगाशी आला. मुलगी पायथ्याशी उभी होती, बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी पिळत.

"मांजर होतं," मास्तर म्हणाले.

"काय?"

"पिल्लू. काही दिवस होतं. इथे ओरबाडलं होतं." त्यांनी डावा हात पुढे केला.

सर्जनने हात खिडकीपाशी नेला. रेघ जवळजवळ मिटली होती, पण पुटकुळीच्या जागी गुलाबी ठिपका होता. मग त्याने कोपराच्या आतल्या बाजूला बोट दाबलं, तिथेही एक बारीक गाठ हाताला लागली. "अरे वा," तो म्हणाला, "वाट दिसली. मांजरांच्या अंगावरच्या पिसवांमधून हा जंतू येतो. पिसवांची घाण मांजराच्या नखांत बसते, आणि नख लागलं की आपल्या हातात. हातातून तो वर सरकतो आणि काखेतल्या ग्रंथी त्याला अडवतात, म्हणून त्या सुजतात. हे सगळं दोन-तीन आठवडे उशिरा होतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात राहत नाही. आज कापायचं नाही. आधी रक्त तपासू आणि पाच दिवसांच्या गोळ्या देतो. तेच निघालं तर गाठ दोन-चार महिन्यांत जाईल. नाहीच निघालं, तर मात्र कापावं लागेल." जाता जाता तो हसला. "पिल्लू मात्र ठणठणीत असेल हं. त्याच्यावर राग धरू नका. पिसवांचं औषध तेवढं लावायला सांगा."

तो गेल्यावर मुलीने बॅग खाली ठेवली.

"त्या दिवशी विचारलं तेव्हा तुम्हाला आठवलं होतं?" मुलीने विचारलं.

मास्तरांनी होकाराची मान हलवली. खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. "तू परत गेली असतीस," ते म्हणाले.

"मला वाटलं, तुम्ही मरणार," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण तो मास्तरांना काखेतल्या ठणक्याहून जास्त लागला. "रोज रात्री मला वाटत होतं, तुम्ही मरणार."

ती संध्याकाळच्या गाडीने गेली. बॅग तिने स्वतः खाली नेली. जाताना वाकून नमस्कार केला, तोही पाहुणीसारखा. वरच्या खोलीत दोन कप धुवून उपडे ठेवलेले होते. मास्तरांनी त्यांतला एक उचलून कपाटात ठेवला, मग परत बाहेर काढला आणि तसाच राहू दिला.

रविवारी फोन वाजला. "रक्ताचं काय आलं?"

"मांजरच निघालं."

"बरं झालं. आणि गाठ?"

"आहे. कोटाच्या बटणाएवढी."

"दुखते?"

"पूर्वीइतकी नाही."

त्याच्या पुढच्या रविवारी परत फोन आला. हळूहळू गाठीच्या आगेमागे बाकीचंही येऊ लागलं. नातवाचा दात पडला, जावयाने भिंतीला भलताच रंग लावला, कुणाच्या तरी लग्नात घालायच्या ब्लाउजची बाही कशी बेतायची. गाठ जाकिटाच्या बटणाएवढी झाली, मग शर्टाच्या. ताप तर केव्हाच गेला. एका सकाळी मास्तरांनी अंघोळ करताना काखेत हात घातला, दाबून पाहिलं, हात वर करून आरशात पाहिलं. काही नव्हतं. कोपराशीही काही नव्हतं. धडधाकट माणूस आरशात उभा होता आणि त्याचा चेहरा पडला होता.

रविवारी फोन वाजला तेव्हा ते मशीनपाशी बसले होते, एक हात उगाच काखेत धरून.

"गाठ कशी आहे, बाबा?"

परत खोटं बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. अगदी ठरवलं होतं.

"अजून आहे जराशी," ते म्हणाले. "शर्टाच्या बटणाएवढी."

पलीकडे शांतता पसरली. मास्तरांना वाटलं, पकडले गेलो. डॉक्टर दोन-चार महिने म्हणाले तेव्हा ती तिथेच उभी होती, आणि चार महिने उलटून गेले होते. आता ती फोन ठेवणार, आणि या वेळी कायमचा.

"असू दे," मुलगी म्हणाली. तिचा आवाज जरा ओला लागत होता. "घाई नाही, बाबा. मी पुढच्या रविवारी विचारते."