पिशवीत नसलेलं औषध

हिची नाडी अडतीसवर आली होती आणि दुपारी छातीत पेसमेकर बसवायचा, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मी बरं म्हटलं. शनिवारी ही मोरीत कोसळल्यापासून मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो. आतून काही वाटतच नव्हतं.

सोमवारी सकाळी एक पोरगेलेशी बाई फॉर्म घेऊन आली. म्हणाली, मी इथली फार्मासिस्ट. आजींची घरची सगळी औषधं पुन्हा एकदा तपासायची आहेत.

"लिहून झालीत," मी म्हटलं. "शनिवारी त्या शिकाऊ डॉक्टरने पिशवी ओतून एकेक उतरवून घेतली. सगळ्यांनी किती वेळा तेच विचारायचं?"

"त्यांनी पिशवी बघितली, काका. मला आजी खरोखर घेतात काय ते बघायचंय."

बसली की स्टूल ओढून. मग सुरू झालं. ही गोळी कोणी दिली? कशासाठी? किती वाजता? शेवटची कधी घेतली? साखरेची एका डॉक्टरची, थायरॉइडची दुसऱ्याची, गुडघ्याची तिसऱ्याची. हार्टवाल्यांच्या गोळीपुढे 'बंद' लिहिलेलं होतंच. त्या गोळीने नाडी मंदावते, म्हणून ती शनिवारीच थांबवली होती.

"दोन दिवस गोळी नाही, तरी नाडी वर येत नाहीये," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "काका, गोळ्या सोडून काही? मलम, पंप, थेंब?"

"थेंब काय, डोळ्याचे आहेत. ते औषध थोडंच आहे?"

"कुठे आहेत?"

मी शर्टाच्या खिशातून बाटली काढली. घरी ती फ्रिजच्या दारात असते, म्हणून पिशवीत आलीच नव्हती. रविवारी मीच घरी जाऊन आठवणीने आणली होती. डोळ्यातलं प्रेशर वाढलंय म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वी चालू केलेली.

तिने लेबल वाचलं. पुन्हा वाचलं.

"इथे आल्यावरही घातलेत?"

"काल रात्री घातले, आज सकाळी घातले. मी कधी चुकवत नाही." मला जरा रागच आला. "एखादे दिवशी डोळा ठणकतोय म्हणाली, तर एक थेंब जास्तच घालतो."

मग तिने सांगितलं, आवाज न चढवता. डोळ्यात घातलेला थेंब डोळ्यातच राहत नाही. कोपऱ्यातून नाकात उतरतो, तिथून रक्तात जातो. आणि हे थेंब हार्टच्या त्या गोळीच्याच जातीचे. गोळी थांबवली, पण थेंब नाडीला खाली ओढतच राहिले असतील.

"डोळ्यांच्या डॉक्टरांनी इतर औषधांबद्दल विचारलं नव्हतं?"

विचारलं होतं. मी म्हटलं होतं, आहेत चार-पाच, नेहमीचीच. बाहेर एवढी रांग, त्यांचं कशाला डोकं खायचं?

हे सगळं मी तिला सांगितलं. तरीही आतून काही वाटलं नाही. मी फक्त रिकामा खिसा चाचपत बसलो.

पुढचं भराभर झालं. तिने फॉर्मवर थेंबांची नवी ओळ लिहिली आणि डॉक्टरांना फोन लावला. हार्टवाले आले, डोळेवाल्यांशी बोलले. थेंब बंद, दुसऱ्या जातीचे सुरू, पेसमेकर तूर्तास नाही, एक-दोन दिवस मशीनवर नजर ठेवू. मी म्हटलं, बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाडी चौसष्ट होती. ही उठून बसली, चहा बेचव आहे म्हणाली. डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुमची काही चूक नाही, आम्हीच आधी विचारायला हवं होतं. जो येईल तो हेच सांगत होता.

फार्मासिस्ट फॉर्म पुरा करायला आली. तिने हिला विचारलं, "आजी, ते थेंब घातल्यावर कधी त्रास व्हायचा?"

"व्हायचा की," ही म्हणाली. "गरगरायचं. डोळ्यापुढे अंधारी यायची. म्हणून मी लगेच आडवी व्हायचे."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

मी हिच्याकडे बघतच राहिलो. "मग बोलली का नाहीस?"

ही चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिली.

"बोलले असते तर तुम्ही घालायचं बंद केलं असतं," ही म्हणाली. "जन्मभर मान वर करून माझ्याकडे बघायला तुम्हाला फुरसत झाली नाही. थेंब घालताना तेवढे बघायचात. हनुवटीला हात लावून."

फार्मासिस्टचं पेन थांबलं होतं. मग तिने रकान्यात लिहिलं : थेंबांनंतर चक्कर, सुरुवातीपासून. खाली माहिती देणाऱ्या नातेवाइकाची सही लागत होती. तिने फॉर्म माझ्यापुढे धरला आणि बोट ठेवून जागा दाखवली. मी सही केली.